स्वतःचाच फोन चोरता येतो का? कायद्याच्या कलमापासून सरावाची गोष्ट बनवताना

ज्यांना कानात इअरफोन घालायला जमत नाही त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना थोडा फाफटपसारा झाला होता, तो इथे काढून टाकलाय.

सुरुवात एका प्रश्नाने करू. तुमचा फोन पडला, स्क्रीन फुटली. कुडाळच्या दुकानात दुरुस्तीला दिलात. नवीन स्क्रीन बसली, बिल झालं अडीच हजार. तुम्ही दुकानात गेलात, दुकानदार पाठमोरा होता, फोन काउंटरवर होता. तुम्ही तो उचललात आणि पैसे न देता घरी आलात. फोन तुमचा, पावती तुमच्या नावाची. ही चोरी आहे का?

दहापैकी आठ जण म्हणतात, "छे, स्वतःच्या वस्तूची कसली चोरी? फार तर उधारी बुडवली." माझी चुलत बहीणही तेच म्हणाली होती, आणि ती तर एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. उत्तर आहे: हो, चोरी आहे. आणि हे मी सांगत नाही, कायद्यात उदाहरण देऊन लिहिलेलं आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कायद्याचं शिक्षण शून्य. ओरोसला घरून काम करतो. या विषयात पडलो, कारण बहिणीचा फौजदारी कायद्याचा पेपर राहिला. चार महिन्यांनी परत द्यायचा होता. ती रडवेली होऊन म्हणाली, "दादा, कलम माका पाठ आसा. पण प्रश्न वाचलंय की तेच्यात कलम खंय आसा ताच गावणा नाय."

आमच्या कोकणात कलम म्हटलं की हापूसचं झाड आठवतं, पण ती बोलत होती ते दुसरं कलम. तिला कलमाची व्याख्या न अडखळता म्हणता येत होती. परीक्षेत मात्र व्याख्या विचारत नाहीत. एक गोष्ट देतात आणि विचारतात, कोणता गुन्हा झाला? मी तिला म्हटलं, "मगे तुझी अडचण कलमाची नाय, गोष्टीची आसा. गोष्टी आपण बनवूया." त्या कशा बनवल्या, कुठे फसलो आणि दुरुस्ती कशी केली, तेवढंच आज सांगतो. एकच कलम घेऊ: चोरी.

आधी कलमाचे तुकडे

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडे भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. चोरीची व्याख्या आता कलम ३०३ मध्ये आहे, पूर्वी ती ३७८ मध्ये होती. साध्या मराठीत ती अशी: एखाद्याच्या ताब्यातली जंगम वस्तू, त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिकपणे घेण्याच्या हेतूने जो हलवतो, तो चोरी करतो.

या वाक्यात पाच तुकडे आहेत. वस्तू जंगम हवी. ती कुणाच्या तरी ताब्यात हवी. त्याची संमती नसावी. वस्तू हलवलेली हवी. आणि हलवताना हेतू अप्रामाणिक हवा. पाचही असतील तर चोरी. एक जरी नसेल तरी चोरी नाही, मग दुसरा काही गुन्हा असू शकतो.

आता दुसरा तुकडा परत वाचा. तिथे "ताब्यात" असं आहे, "मालकीची" असं नाही. बहीण पाठ म्हणताना हा शब्द बरोबर म्हणायची आणि प्रश्न सोडवताना मनात "मालकी" धरायची. फोनच्या प्रश्नात तिची दांडी तिथेच उडाली. फोनची मालकी तुमची, पण त्या क्षणी ताबा दुकानदाराचा.

कायद्यातच आहे सरावाची वही

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चोरीच्या व्याख्येखाली पाच स्पष्टीकरणं आहेत आणि त्याखाली सोळा छोटी उदाहरणं, इंग्रजी अक्षरांप्रमाणे ए पासून पी पर्यंत. बहिणीने ती कधी वाचलीच नव्हती, कारण नोट्समध्ये ती नसतात. ही उदाहरणं नवीन नाहीत. मेकॉलेच्या कायदा आयोगाने १८३७ मध्ये दंड संहितेचा मसुदा केला, तेव्हाच नियमाखाली छोट्या गोष्टी द्यायची ही पद्धत त्यात होती. १८६० मध्ये कायदा झाला आणि नव्या संहितेतही ती पद्धत चालू राहिली.

ती उदाहरणं एकेक करून वाचली तर साधी वाटतात. जोडीने वाचली की खरी गंमत कळते. आय आणि जे ही जोडी बघा. दोन्हीत एक माणूस आपलं घड्याळ जवाहिऱ्याकडे नीट करायला देतो. आय मध्ये त्याच्याकडे असं काही देणं नाही, ज्यासाठी जवाहिऱ्याला घड्याळ अडवून ठेवता येईल. तो उघडपणे दुकानात शिरतो, जबरदस्तीने घड्याळ हिसकावून नेतो. कायदा म्हणतो, चोरी नाही. अनधिकार प्रवेश असेल, हमला असेल, पण हेतू अप्रामाणिक नाही. जे मध्ये दुरुस्तीचे पैसे देणं आहे आणि जवाहिऱ्याने त्यासाठी कायदेशीरपणे घड्याळ ठेवून घेतलं आहे. ते तारण बुडवायच्या हेतूने माणूस घड्याळ घेतो. कायदा म्हणतो, चोरी.

घड्याळ तेच, मालक तोच. फरक एकच, पैसे देणं आहे की नाही. आणि तेवढ्याने उत्तर उलटं.

आम्ही टेस्टिंगमध्ये हेच करतो. प्रोग्राम कशाने बिघडतो ते शोधायचं असेल तर बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशामुळे बिघडलं ते कळत नाही. चोरीचे पाच तुकडे, प्रत्येक असेल किंवा नसेल, म्हणजे एकूण ३२ प्रकार. त्यातल्या एकाच प्रकारात चोरी होते. उरलेल्या ३१ पैकी पाच प्रकारांत एकच तुकडा नसतो. बाकी २६ मध्ये दोन किंवा जास्त तुकडे गायब. सुरुवातीच्या सरावासाठी ते २६ निरुपयोगी, कारण तिथे चुकीचं कारण देऊनही बरोबर उत्तर येतं. कामाच्या सहाच गोष्टी: एक मूळ आणि पाच बदललेल्या.

फोनची गोष्ट, पाच वेळा बदलून

मूळ गोष्ट तुम्हाला माहीत आहे. तिचं उत्तर मी गोष्टीच्या आधी लिहिलं, आणि प्रत्येक तुकड्यासमोर कायद्यातली जागा लिहिली. फोन जंगम. ताबा दुकानदाराचा. संमती नाही. काउंटरवरून उचलला म्हणजे हलवला. राहिला हेतू. अप्रामाणिक म्हणजे काय ते कलम २ मध्ये दिलंय: कुणाला गैर लाभ किंवा कुणाला गैर हानी व्हावी हा हेतू. दुकानदाराला इथे हानी कसली? तर पैसे मिळेपर्यंत फोन ठेवून घेण्याचा त्याचा हक्क बुडाला.

हा हक्क आला कुठून? इथे बहीण अडकली, आणि इथेच मला पहिल्यांदा वाटलं की आपण बरोबर चाललोय. तो हक्क फौजदारी कायद्यात नाहीच. तो आहे १८७२ च्या करार कायद्यात, कलम १७० मध्ये. एखादी वस्तू कामासाठी सोपवली आणि समोरच्याने त्या वस्तूवर ठरल्याप्रमाणे श्रम किंवा कौशल्य वापरून काम केलं, तर वेगळं काही ठरलेलं नसेल तोवर, मोबदला मिळेपर्यंत त्याला ती वस्तू ठेवून घेता येते. याला धारणाधिकार म्हणतात. करार कायदा तिला वेगळ्या पेपरला होता, त्याची वहीसुद्धा वेगळी. दोन वह्या एकाच प्रश्नात येऊ शकतात हे तिच्या डोक्यातच नव्हतं.

मग आम्ही कलम १७० चेही तुकडे केले आणि फोनच्या गोष्टीत एकेक बदल करत गेलो.

पहिला बदल: दुकानदाराने फोन अजून उघडलाच नाही, स्क्रीन यायची आहे. गिऱ्हाईक कंटाळून फोन उचलून नेतो. कामच झालं नाही, मोबदला देणं नाही, अडवून ठेवायचा हक्क नाही. म्हणजे आय उदाहरण, चोरी नाही.

दुसरा बदल: काम झालं. पण फोन घेतानाच दुकानदार म्हणाला होता, "फोन संध्याकाळी ने, पैसे एक तारखेला दे." संध्याकाळी गिऱ्हाईक आला, दुकानदार फोन देईना, म्हणाला आधी पैसे. गिऱ्हाईक फोन उचलून निघाला. कलम १७० खालीच याचं उदाहरण आहे. शिंपी कोट शिवून होताच द्यायचं आणि पैशासाठी तीन महिन्यांची मुदत द्यायचं कबूल करतो. त्या शिंप्याला कोट अडवून ठेवता येत नाही. तसंच इथे. पैसे देणं आहे, पण हक्क नाही. चोरी नाही.

तिसरा बदल, यात बहीण तीनदा चुकली: दुरुस्तीचे पैसे पूर्ण दिले आहेत. पण गेल्या महिन्यात त्याच दुकानातून इअरबड उधारीवर नेले होते, त्याचे आठशे बाकी आहेत. दुकानदार म्हणतो, ते दिल्याशिवाय फोन देणार नाही. गिऱ्हाईक फोन उचलतो. कलम १७० चा हक्क फक्त त्याच वस्तूवर केलेल्या कामाच्या मोबदल्यापुरता आहे. जुन्या कुठल्याही उधारीसाठी वस्तू अडवायचा हक्क कलम १७१ मध्ये आहे, पण तो बँका, अडते, धक्क्यावर माल ठेवून घेणारे अशा मोजक्यांनाच, नाहीतर तसा स्पष्ट करार हवा. मोबाईल दुकानदार त्यात नाही. आठशे रुपये तो दिवाणी मार्गाने मागू शकतो. चोरी मात्र नाही.

चौथा बदल: बिल बाकी आहे. काउंटरवर एकाच मॉडेलचे, एकाच काळ्या कव्हरचे दोन फोन आहेत. गिऱ्हाईकाने आपला दुसरा फोन गेल्या आठवड्यात पैसे देऊन इथेच नीट करून घेतला होता, आणि तो न्यायचा राहिला होता. काउंटरवरचा फोन तोच, असं समजून त्याने उचलला. निघाला तो बिल बाकी असलेला. हेतूच अप्रामाणिक नाही. पी उदाहरण वाचा: वस्तू आपली आहे असं सद्भावनेने समजून घेतली तर चोरी नाही.

पाचवा बदल: दुकानात बसायला येणारा ओळखीचा मुलगा दुसऱ्याच गिऱ्हाईकाचा चांगल्या कॅमेऱ्याचा फोन उचलतो. मित्राच्या हळदीला फोटो काढायचे आणि सकाळी परत ठेवायचा, एवढाच बेत. सकाळी ठेवतोही. बहीण म्हणाली, परत दिला म्हणजे चोरी नाही. इथे कायद्याच्या पुस्तकाबाहेर, निकालाकडे जावं लागलं. प्यारेलाल भार्गव विरुद्ध राजस्थान राज्य, एआयआर १९६३ सर्वोच्च न्यायालय, पान १०९४. सरकारी कचेरीतल्या कर्मचाऱ्याने फाइल घरी नेली, मित्राला कागद बदलायला दिली, दुसऱ्या दिवशी जागेवर ठेवली. न्यायालयाने चोरी धरली, कारण कायमचं नेण्याचा हेतू हवा असं कलम म्हणत नाही. थोड्या वेळासाठी वंचित केलं तरी पुरे.

पाच बदलांत पहिले तीन एकाच तुकड्याच्या पोटात शिरतात. ते मुद्दाम. तुमचा विद्यार्थी जिथे चुकतो तिथे जास्त गोष्टी लागतात, बाकी तुकड्यांना एकेक पुरते.

नोट्सचं काय करायचं

वर्गातल्या नोट्स फेकून द्यायच्या नाहीत. त्यांचं काम वेगळं आहे. काय विचारायचं ते नोट्समधून घ्यायचं आणि उत्तर फक्त कायद्यातून किंवा निकालातून.

मी बहिणीची वही घेतली आणि "पण", "मात्र", "अपवाद", "फरक" असे शब्द जिथे दिसले तिथे पेन्सिलने गोल केले. चोरीच्या अकरा पानांत असे चौदा गोल झाले. प्रत्येक गोल म्हणजे बाईंनी वर्गात थांबून काहीतरी वेगळं काढून दाखवलेली जागा, म्हणजे एक बदल करता येण्यासारखी जागा. "नोकराने नेलं तर चोरी, पण गोदामवाल्याने विकलं तर विश्वासघात" अशी एक ओळ होती. कायद्यात बघितलं तर डी आणि ई ही जोडी तीच. मालकाने नोकराकडे सांभाळायला दिलेली भांडी नोकर घेऊन पळतो, ती चोरी, कारण ताबा मालकाचाच राहिला होता. गोदामवाल्याच्या हवाली केलेली भांडी तो विकतो, तिथे ताबाच त्याच्याकडे गेलेला, म्हणून चोरी नाही, तो फौजदारी विश्वासघात असू शकतो. मी त्याची आंब्याची जोडी केली: बागेचा राखणदार पेटी उचलतो, आणि गोदामवाला ठेवायला दिलेल्या पेट्या परस्पर विकतो.

नोट्सचा धोकाही सांगतो. बहिणीकडे सीनियरच्या झेरॉक्स नोट्स होत्या. त्यात कलमं ३७८, ३७९. नुसते आकडे बदलले असते तर चाललं असतं, पण मजकूरही बदललाय. नव्या कलम ३०३ च्या दुसऱ्या पोटकलमात आधीची तीन वर्षांपर्यंतची कैद किंवा दंड आहेच. शिवाय दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान एक आणि जास्तीत जास्त पाच वर्षांची सक्तमजुरी आली. आणि वस्तूची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, शिक्षा पहिल्यांदाच होत असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा म्हणून समाजसेवा आली. जुन्या नोट्समध्ये यातलं काहीच नाही.

म्हणून आमच्या प्रत्येक गोष्टीत आता दोन गोष्टी सक्तीच्या आहेत: तारीख आणि किंमत. ३० जून २०२४ च्या रात्री घडलेल्या चोरीला जुनी संहिता लागू, १ जुलैच्या चोरीला नवी. फोन ४,८०० चा की ५,२०० चा, यावर शिक्षेचं उत्तर बदलतं. कायद्याचा मूळ मजकूर `indiacode.nic.in` वर फुकट वाचता येतो. झेरॉक्सवर विसंबायचं काही कारण नाही.

माझी चूक, पाच आंब्यांची

आता जे चुकलं ते. सुरुवातीला मी एक गोष्ट लिहिली होती: "वाटसरूला बागेजवळच्या रस्त्यावर पडलेले पाच आंबे दिसतात. तो ते घेतो." उत्तर लिहिलं, चोरी नाही, जी उदाहरणाप्रमाणे. जी मध्ये हमरस्त्यावर पडलेली अंगठी कुणाच्याच ताब्यात नाही, म्हणून ती उचलणं चोरी नाही. फार तर अपहार होईल.

बहिणीने ते वाचलं, लक्षात ठेवलं. महिन्याभराने वर्गात चाचणी झाली. प्रश्न होता बागेच्या आत, झाडाखाली पडलेल्या फळांचा. तिने लिहिलं, "पडलेली वस्तू, ताबा नाही, चोरी नाही." साफ चूक. गडग्याच्या आत, मालकाच्या बागेत पडलेला आंबा मालकाच्याच ताब्यात असतो. जी च्या शेजारचं एफ उदाहरण नेमकं हेच सांगतं: अंगठी मालकाच्या घरात टेबलावर असेल तर ती त्याच्याच ताब्यात. परीक्षा आठ आठवड्यांवर आली होती आणि तिला चुकीचा नियम मी शिकवला होता.

चूक दोन जागी होती. पहिली, गोष्टीत माहिती अपुरी होती. बहीण रागाने म्हणाली तसं, "रस्तो कोणाचो? वाटसरूंचो की बागवाल्याचो?" ते मी लिहिलंच नव्हतं. दुसरी चूक मोठी: मी जोडी केली नव्हती. एकटी गोष्ट दिली की वाचणारा त्यातून हवा तो नियम काढतो. मला शिकवायचं होतं "ताबा नाही म्हणून चोरी नाही", तिने शिकलं "पडलेलं म्हणून चोरी नाही". दोन्ही त्या गोष्टीत बसतात. शेजारी जोडीची गोष्ट असती, तिथेही फळ पडलेलंच असतं पण गडग्याच्या आत, तर चुकीचा नियम तिथेच फुटला असता.

नवी जोडी अशी केली. एक: आंबे गडग्याच्या आत झाडाखाली पडलेत, वाटसरू गडगा ओलांडून ते घेतो. चोरी. दोन: महामार्गावर कुठल्यातरी टेम्पोतून पडलेली आंब्याची पेटी आहे, आसपास कुणी नाही, वाटसरू ती घेतो. ताबा नाही, चोरी नाही. पण पेटीवर बागायतदाराचं नाव आणि फोन नंबर छापलेला आहे आणि हा फोन न करता आंबे खातो. मालक शोधायचं साधन हातात होतं, म्हणून कलम ३१४ खाली अपहार.

गोष्ट बरी की वाईट, कसं ओळखायचं

त्यानंतर तीन चाचण्या ठरवल्या.

पहिली: प्रत्येक उत्तराच्या प्रत्येक ओळीसमोर कलम, स्पष्टीकरण, उदाहरण किंवा निकाल यांपैकी एक जागा लिहिता आली पाहिजे. नाही लिहिता आली तर गोष्ट बाद, कितीही छान असो. ज्याचं उत्तर मला वाद घालून पटवावं लागतं ती गोष्ट पहिल्या फेरीत नकोच.

दुसरी: गोष्टीच्या शब्दांतून उत्तर गळता कामा नये. मी आधी "गुपचूप", "लबाडीने", "पळवला" असे शब्द लिहायचो. ते वाचून शाळेतला मुलगाही चोरी म्हणेल. आता फक्त "घेतला", "उचलला", "नेला". उलट कधीकधी चोरी नसलेल्या गोष्टीत मुद्दाम "दुकानदाराची नजर चुकवून" असं घालतो. आय मध्ये तर माणूस जबरदस्ती करतो, तरी चोरी नाही. लपवाछपवी किंवा आरडाओरडा यावरून चोरी ठरत नाही, हे अंगवळणी पडायला असे चकवे लागतात. नावंही काढून टाकली, फक्त "गिऱ्हाईक", "दुकानदार", "राखणदार". नाव दिलं की बहीण आधी माणसाची बाजू घ्यायची.

तिसरी: गोष्ट तिसऱ्या माणसाला द्यायची. जिल्हा न्यायालय इथे ओरोसलाच आहे. तिथे वकिली करणारे आमच्या ओळखीचे एक काका आहेत, त्यांना दहा गोष्टी दाखवल्या. त्यांनी दोन परत केल्या. एकीत भावाभावांच्या सामायिक बागेतले आंबे एका भावाने नेले होते. काकांनी एकच विचारलं, "ताबो कोणाकडे होतो? सगळ्यांकडे की एकाकडे? ताच लिवलंस नाय." त्याशिवाय उत्तर देता येत नाही. नियम सोपा आहे: वाचणाऱ्याने उत्तराआधी माहितीचा प्रश्न विचारला, तर दोष वाचणाऱ्याचा नाही, गोष्ट अपुरी आहे.

शेवटी आमच्याकडे ४६ गोष्टी झाल्या, सगळ्या जोड्यांनी. सोडवायची पद्धतही ठरलेली. आधी प्रश्न काय ते एका ओळीत, मग कलम, मग पाच तुकडे एकेक करून गोष्टीला लावायचे, शेवटी निष्कर्ष. आणि जोडीतल्या दोन्ही गोष्टी सोडवून झाल्यावर एक वाक्य: कोणत्या एका फरकाने उत्तर बदललं? हे वाक्य लिहिता आलं नाही तर दोन्ही उत्तरं बरोबर असली तरी मार्क शून्य.

या पद्धतीची मर्यादाही आहे. खऱ्या खटल्यात "दुकानदाराने एक तारखेची मुदत दिली होती" हे कुणी छापून देत नाही. एक म्हणतो दिली, दुसरा म्हणतो नाही, आणि भांडण त्या पुराव्याचंच असतं. आमच्या गोष्टीत माहिती आयती असते. कलम लावायला शिकण्यासाठी हे ठीक, पुढचं कोर्टात बसूनच कळेल.

पेपर गेल्या आठवड्यात झाला, निकाल यायचाय. पास होईल की नाही, माहीत नाही. पेपर देऊन आली तेव्हा मी विचारलं, कसा गेला? म्हणाली, शिंप्याकडे दिलेल्या कपड्यांचा प्रश्न होता. मालकाने पैसे न देता कपडे उचलले.

"मगे? काय लिवलंस?"

"आधी बघलंय, मुदत दिलेली काय," ती म्हणाली. "दिलेली नाय होती."

भेटू पुढच्या भागात.